घर ट्रस्टच्या नावावर: सोय कुठली, खर्च केवढा

कोथरूडमधला एक फ्लॅट वडिलांच्या नावावर आहे आणि रेडी रेकनरप्रमाणे त्याची किंमत ९० लाख रुपये आहे, असं धरू. वडिलांनी बक्षीसपत्र करून तो मुलाला दिला, तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क पडतं २०० रुपये. महापालिका हद्दीतले अधिभार त्यावर येतात, तरी एकूण आकडा खरेदीखताच्या शुल्कापेक्षा बराच खाली राहतो. तोच फ्लॅट वडिलांनी त्याच मुलासाठी केलेल्या कौटुंबिक ट्रस्टकडे सोपवला, तर मात्र शुल्क खरेदीखतासारखं भरावं लागतं. पुण्यात ते ७ टक्क्यांच्या घरात जातं, म्हणजे ६ लाख ३० हजार. घर तेच, मुलगा तोच, एक पैसाही कुणी कुणाला दिलेला नाही, आणि तरी सरकारी तिजोरीत सहा लाखांवर रक्कम जाते.

एवढा खर्च करून कुणी ट्रस्ट का करावा? काही घरांसाठी याचं उत्तर ठाम आहे, बऱ्याच घरांसाठी 'करू नये' हेच आहे. दोन्ही उत्तरं समजून घ्यायची तर आधी ट्रस्ट ही काय व्यवस्था आहे ते पाहावं लागेल.

इथे बोलतोय ते खाजगी ट्रस्टबद्दल. देवस्थानं, शिक्षणसंस्था, धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी हा सार्वजनिक न्यासांचा प्रांत, त्यांचा कायदा वेगळा. कौटुंबिक ट्रस्ट १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याखाली होतो. त्यात तीन भूमिका असतात. मिळकत ज्याची आहे आणि जो ती ट्रस्टमध्ये घालतो तो न्यासकर्ता. वकील मंडळी त्याला सेटलर म्हणतात. मिळकत ज्यांच्या नावावर जाते ते विश्वस्त. आणि जिच्यासाठी हे सगळं करायचं ती व्यक्ती लाभार्थी. मालकी कागदावर विश्वस्तांची असते, पण ते ती स्वतःसाठी वापरू शकत नाहीत. भाडं, विक्रीची रक्कम, राहण्याचा हक्क, सगळं लाभार्थ्याचं. ट्रस्ट ही कंपनीसारखी स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती नाही. म्हणून इंडेक्स टू वर आणि मिळकत पत्रिकेवर नाव लागतं ते 'अमुक ट्रस्टचे विश्वस्त' म्हणून माणसांचं.

घर किंवा जमीन ट्रस्टमध्ये घालायची तर दस्त लेखी हवा, सही हवी आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदणी हवी. दुसरा मार्ग मृत्युपत्राचा. मुद्रांक कागदावर घरीच लिहून, नोटरी करून कपाटात ठेवलेल्या ट्रस्ट डीडने स्थावर मिळकत हलत नाही.

आता एक उदाहरण आकड्यांसह सोडवून पाहू. कुटुंब काल्पनिक आहे, पण त्याचा प्रश्न अनेक घरांत जसाच्या तसा आहे. पती ७२ वर्षांचे, पत्नी ६८ वर्षांच्या. कोथरूडचा तो ९० लाखांचा फ्लॅट, त्यात दोघं राहतात. त्याखेरीज ६० लाखांचा एक दुकानगाळा, त्याचं भाडं महिना ४० हजार. दोन्ही मिळकती पतींनी स्वतःच्या कमाईतून घेतलेल्या. मुलगी मुंबईत नोकरीला, चांगल्या पगारावर. धाकटा मुलगा ३८ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. त्याला पैशांचे व्यवहार जमत नाहीत, जमणारही नाहीत. आईवडिलांची काळजी एकाच वाक्यात सांगता येते: आमच्यामागे याचं कसं होणार?

काहीच केलं नाही आणि पती वारले, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगी आणि मुलगा यांना प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा मिळतो. ऐकायला न्याय्य. पण मुलाच्या हिश्शाची सही करणार कोण? गाळा विकायचा, नवा भाडेकरार करायचा, सोसायटीत हस्तांतर करायचं, प्रत्येक ठिकाणी त्याच्या सहीचा प्रश्न येतो. अशा व्यक्तींसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून पालक नेमून घेता येतो. बौद्धिक दिव्यांग मूल १८ वर्षांचं झालं की आईवडिलांनीही हा अर्ज करायला हवा, कारण सज्ञान झालेल्या मुलाचे ते आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. पुष्कळ घरांत हे माहीतच नसतं. पालक नेमल्याने सहीची अडचण सुटते. पण पैसा कुणी, कशावर, किती खर्च करायचा याचा आराखडा त्यातून मिळत नाही.

सगळं मुलीला बक्षीस देऊन 'भावाला सांभाळ' म्हणावं, हा आपल्याकडचा सर्वांत रुळलेला उपाय. मुलगी कितीही जिवाभावाची असली तरी तिचा घटस्फोट, तिचं कर्ज, तिचा अकाली मृत्यू या गोष्टी तिच्या हातात नाहीत. ती गेली तर मिळकत तिच्या पतीकडे आणि मुलांकडे जाईल, भावाकडे नाही. तोंडी शब्दाला तिथे काही किंमत नाही.

मृत्युपत्र याहून चांगलं. पण ते मृत्यूनंतरच बोलू लागतं, आणि खरी फट आहे ती त्याच्या आधी. समजा ७८ व्या वर्षी पतींना स्मृतिभ्रंश झाला. ते हयात आहेत, म्हणजे मृत्युपत्र लागू नाही. मुखत्यारपत्र दिलेलं असलं तरी ते चालत नाही, कारण मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की आपल्या करार कायद्याप्रमाणे ते संपुष्टात येतं. काही देशांत अशा काळातही टिकणारं मुखत्यारपत्र असतं. भारतात ती सोय नाही. मग कुटुंबाला पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. गाळ्याचा भाडेकरू निघून गेला तर नव्या करारावर सही करणारं कुणी उरत नाही.

ट्रस्ट नेमका इथे उपयोगी पडतो. मिळकत आधीच विश्वस्तांच्या नावावर आहे, तेव्हा पतींची स्मृती गेली किंवा ते वारले तरी मालकी हलत नाही. एक विश्वस्त गेला तर दस्तात लिहिलेल्या क्रमाने दुसरा येतो. वारस दाखला नको, नॉमिनी आणि वारस यांच्यातली सोसायटीच्या ऑफिसातली ओढाताण नको, भाडं थांबत नाही. वारसाहक्क सोपा होतो म्हणतात तो या अर्थाने: मृत्यूच्या दिवशी हस्तांतर करण्यासारखं काही शिल्लकच नसतं.

मुंबईत ट्रस्टच्या बाजूने आणखी एक मुद्दा अनेक वर्षं मांडला जात असे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ अधिकारक्षेत्रातल्या मिळकतीबाबत हिंदू, पारशी आदींच्या मृत्युपत्राला प्रोबेट घेणं सक्तीचं होतं, आणि त्यात महिने, वाद झाला तर वर्षं जात. ही सक्ती ज्या कलमातून येत होती ते भारतीय वारसा कायद्यातलं कलम २१३ संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये काढून टाकलं. वाद असेल तर प्रोबेट आजही घ्यावं लागू शकतं, पण 'प्रोबेट टाळण्यासाठी ट्रस्ट करा' हा सल्ला आता जुना झाला आहे. तसंच वारसा कराचं. भारतात मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर लागणारी इस्टेट ड्युटी १९८५ मध्ये रद्द झाली. ती परत येईल या भीतीने ट्रस्ट करून घेणारे सल्लागार भेटतात. जो कर आज अस्तित्वातच नाही तो चुकवण्यासाठी आज ६ लाख भरणं हा हिशोब कुठल्याही साध्या घराला परवडणारा नाही.

आता शुल्क. महाराष्ट्र मुद्रांक कायद्याच्या अनुसूचीत बक्षीसपत्राची आणि ट्रस्टची नोंद वेगवेगळी आहे. २०० रुपयांची सवलत बक्षीसपत्राच्या नोंदीत आहे, आणि तीही फक्त राहत्या घराला आणि शेतजमिनीला. घेणारा पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंड किंवा मयत मुलाची पत्नी असला तरच. दुकानगाळा मुलाला बक्षीस दिला तर तिथे ३ टक्के आणि अधिभार. ट्रस्टच्या नोंदीत ही सवलत नाही. धर्मादाय हेतू नसलेल्या ट्रस्टमध्ये मिळकत घातली की बाजारमूल्यावर खरेदीखताचं शुल्क. विश्वस्त म्हणून आई, वडील आणि मुलगीच असल्या तरी फरक पडत नाही, कारण ते स्वतःसाठी घेत नाहीत, ट्रस्टसाठी घेतात.

बाजारमूल्य म्हणजे सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातला दर, ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात. मुंबईत दर साधारण ६ टक्के, पुण्यात अधिभारांसह ७. वर नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. आपल्या कुटुंबाने फ्लॅट आणि गाळा दोन्ही आज ट्रस्टमध्ये घातले, तर दीड कोटीवर साडेदहा लाख शुल्क. दस्त करण्याआधी रक्कम पक्की हवी असेल तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे मसुदा देऊन अभिनिर्णय मागता येतो. मोठ्या मिळकतीत ही पायरी वगळू नये. कमी शुल्क भरलेला दस्त पुढे पुरावा म्हणून अडतो आणि दंड वेगळा.

एक दिलासा मात्र आहे. आत येताना शुल्क जड असलं तरी आतल्या आत आणि बाहेर जाताना ते हलकं आहे. एका विश्वस्ताकडून दुसऱ्याकडे, किंवा विश्वस्ताकडून लाभार्थ्याकडे मोबदल्याशिवाय मिळकत गेली तर त्या दस्ताला नाममात्र शुल्क पडतं. म्हणून दर वेळी विश्वस्त बदलला की टक्केवारी मोजावी लागेल ही भीती नको.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागतच नाही. ट्रस्टची नोंदही मृत्युपत्र सोडूनच्या दस्तांना लागू आहे. त्यामुळे एक मधला रस्ता निघतो, आणि तो पूर्ण कायदेशीर आहे. पती आज छोटी रक्कम, समजा ५० हजार रुपये, घालून ट्रस्ट स्थापन करतात. त्यावरचं शुल्क किरकोळ. विश्वस्त नेमले जातात, पॅन आणि बँक खातं निघतं. आणि मृत्युपत्रात पती लिहितात की माझ्या पश्चात अमुक मिळकत या ट्रस्टच्या विश्वस्तांकडे जावी. ते हयात असेपर्यंत मिळकत त्यांचीच, शुल्क शून्य. उणीव एकच: आजारपणाच्या काळातली ती फट यात भरून निघत नाही, आणि मृत्युपत्राला कुणी आव्हान दिलं तर ते निस्तरावं लागतं.

म्हणून या कुटुंबासाठी शहाणपणाचं उत्तर विभागून निघतं. गाळा आजच ट्रस्टमध्ये घालावा, कारण मुलाचा महिन्याचा खर्च त्याच भाड्यावर चालणार आहे आणि तो प्रवाह एक महिनाही थांबून चालणार नाही. त्यासाठी ६० लाखांवर ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार आणि नोंदणीचे ३० हजार. फ्लॅटमध्ये दोघं राहतातच, त्यातून उत्पन्न नाही. तो मृत्युपत्राने मागाहून यावा. साडेदहाऐवजी सव्वाचार लाखांत खरी गरज भागते.

आयकराच्या बाजूला पहिला प्रश्न येतो: गाळा ट्रस्टकडे गेला म्हणजे पतींनी तो विकला असं धरून भांडवली नफ्याचा कर लागेल का? ट्रस्ट परत न घेता येणारा असेल तर लागत नाही. पुढे विश्वस्तांनी गाळा विकला तर मूळ खरेदी किंमत आणि धारणेचा काळ पतींचाच धरला जातो. नफा दीर्घ मुदतीचा, आणि दर २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के. गाळा १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेला असेल तर त्या तारखेचं मूल्य किंमत म्हणून घेता येतं.

दुसरा प्रश्न ट्रस्टच्या बाजूचा. फुकट मिळालेली मिळकत हे घेणाऱ्याचं उत्पन्न धरण्याचा नियम आयकरात आहे. व्यक्तीने केवळ आपल्या नातेवाइकांच्या हितासाठी केलेल्या ट्रस्टला त्यातून सूट आहे. इथे 'केवळ' आणि 'नातेवाईक' हे दोन्ही शब्द जपून वाचावे लागतात. कायद्याच्या यादीत पती-पत्नी, भावंडं, मुलं, नातवंडं, आईवडील, काका, मामा, मावशी, आत्या आणि त्यांचे जोडीदार येतात. पुतण्या आणि भाचा मात्र त्या यादीत नाहीत. पुतण्याला काकांकडून आलेलं बक्षीस करमुक्त, काकांना पुतण्याकडून आलेलं करपात्र, असा हा विचित्र मामला आहे. मायेने दस्तात पुतण्याचं नाव लाभार्थी म्हणून घातलं, तर गाळ्याचं सगळं ६० लाखांचं मूल्य ट्रस्टचं त्या वर्षीचं उत्पन्न ठरण्याचा धोका उभा राहतो. दिव्यांग मुलाच्या पश्चात उरलेलं एखाद्या संस्थेला जावं असं बऱ्याच आईवडिलांना वाटतं. ते वाक्य लिहिण्याआधीही करसल्लागाराकडून तपासून घ्यावं, कारण 'केवळ नातेवाइकांसाठी' या अटीवर तिथेही वाद होऊ शकतो. मृत्युपत्राने येणाऱ्या मिळकतीला हा प्रश्नच येत नाही. ती नातं न पाहता करमुक्त असते.

तिसरा प्रश्न दरवर्षीचा, आणि त्याचं उत्तर दस्तातल्या एका कलमावर ठरतं. लाभार्थी कोण आणि कुणाचा वाटा किती हे दस्तातच ठरलेलं असेल तर त्याला निश्चित ट्रस्ट म्हणतात. कुणाला किती द्यायचं हे विश्वस्तांच्या मर्जीवर सोडलं असेल तर तो ऐच्छिक ट्रस्ट. निश्चित ट्रस्टमध्ये विश्वस्त कर भरतात, पण लाभार्थ्याने स्वतः कमावलं असतं तर जेवढा लागला असता तेवढाच. ऐच्छिक ट्रस्टमध्ये सर्वसाधारणपणे वरचा दर पहिल्या रुपयापासून लागतो.

गाळ्याचा हिशोब मांडून पाहू. वर्षाचं भाडं ४ लाख ८० हजार. महापालिकेचा कर २० हजार धरला तर उरतात ४ लाख ६० हजार. त्यातून दुरुस्ती वगैरेंसाठी कायद्याने ठरलेली ३० टक्के वजावट, १ लाख ३८ हजार. करपात्र उत्पन्न ३ लाख २२ हजार. दस्तात 'सर्व उत्पन्न मुलाचंच' असं लिहिलेलं असेल आणि त्याचं दुसरं उत्पन्न नसेल, तर नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, म्हणजे कर शून्य. तेच 'मुलगा व मुलगी यांपैकी विश्वस्तांना योग्य वाटेल त्याला' असं लिहिलं, तर मुलीचं स्वतःचं करपात्र उत्पन्न असल्यामुळे सवलतीची दारं बंद होतात आणि ३० टक्के अधिक ४ टक्के उपकर मिळून सुमारे १ लाख रुपये कर बसतो. दरवर्षी. उत्पन्न कमी असतानाही अशा ट्रस्टवर कमाल अधिभार लावला जात असे, त्याविरुद्ध मुंबईच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या विशेष खंडपीठाने एप्रिल २०२५ मध्ये निकाल दिला: अधिभार उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणेच लागेल. त्यामुळे छोट्या ट्रस्टवरचा भार ३१.२ टक्क्यांपाशी थांबतो. ऐच्छिक ट्रस्ट वाईट असं नाही. मुलांच्या गरजा पुढे कशा बदलतील ते ठाऊक नसतं तेव्हा ती लवचिकता मोलाची असते. पण तिची किंमत किती ते सही करण्याआधी कळलेलं असावं.

ट्रस्टमुळे कर वाचतो, ही समजूतही इथेच तपासावी. पतींनी भाडं स्वतःकडे येत राहील असं लिहिलं, किंवा मिळकत परत घेण्याचा हक्क राखला, तर उत्पन्न त्यांच्याच नावे मोजलं जातं. पत्नीच्या हितासाठी दिलेल्या मिळकतीचं उत्पन्नही पतीच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी नवा आयकर कायदा लागू झाला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, पण ट्रस्टबद्दलची ही तत्त्वं तीच आहेत.

ट्रस्ट फसतो तो बहुधा दस्त झाल्यानंतर. नोंदणी होते, पेढे वाटले जातात आणि गाळ्याचं भाडं पतींच्या जुन्या बचत खात्यातच येत राहतं. भाडेकरार त्यांच्याच नावाने नूतनीकरण होतो. महापालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलावर, वीजबिलावर, सोसायटीच्या भाग प्रमाणपत्रावर जुनंच नाव. पुढे धनको किंवा नाराज वारस न्यायालयात गेला की तो हेच कागद पुढे करतो: ट्रस्ट नावापुरता, मालकी यांचीच. म्हणून दस्ताच्या दुसऱ्या महिन्यात चार गोष्टी तपासाव्यात. मिळकत पत्रिकेवर विश्वस्तांची नावं चढली का? सोसायटीने भाग प्रमाणपत्रावर नोंद केली का? भाडं ट्रस्टच्या खात्यात येतं का? आणि भाडेकरू कर कापत असेल तर तो ट्रस्टच्या पॅनवर दिसतो का? सोसायट्या खाजगी ट्रस्टच्या नावाला कधी कधी बिचकतात; विश्वस्तांच्या वैयक्तिक नावांनी, कंसात ट्रस्टचा उल्लेख करून, अर्ज द्यावा लागतो.

दस्ताच्या मसुद्यात एक वाक्य हटकून राहतं: मिळकत विकण्याचा अधिकार. तो स्पष्ट दिलेला नसेल तर विश्वस्तांना विक्रीसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागू शकते. एकवीस वर्षांहून लांब भाडेपट्ट्यालाही तोच नियम आहे. दुसरं, विश्वस्तांनी एकमताने वागावं असा कायद्याचा मूळ नियम असल्याने बहुमत चालवायचं तर तसं लिहावं लागतं. विश्वस्ताला मोबदला मिळत नाही, दस्तात तरतूद असल्याखेरीज. हे वाचून कुणी म्हणेल, आपल्या घरात कोण पैसे मागणार? पण आईवडील गेल्यावर तीस वर्षं हिशोब ठेवायचा आहे, विवरणपत्र भरायचं आहे, भाडेकरूशी बोलायचं आहे. एक विश्वस्त घरचा, एक बाहेरचा व्यावसायिक, आणि व्यावसायिकाला ठरलेली फी, ही रचना जास्त टिकते. मुलीला एकटीला विश्वस्त करणं म्हणजे सगळं ओझं पुन्हा तिच्याच माथी.

ट्रस्टमध्ये काय घालता येत नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची मिळकत एकट्याची नसते. २००५ नंतर मुलीही त्यात जन्मतःच हिस्सेदार आहेत. कर्ज असलेलं घर बँकेच्या परवानगीशिवाय हलवता येत नाही. देणी बुडवण्याच्या हेतूने केलेलं हस्तांतर धनकोच्या मागणीवरून रद्द होतं. महाराष्ट्रातल्या शेतजमिनीला कूळ कायदा आणि कमाल जमीनधारणेची मर्यादा आडवी येते, तिथे स्वतंत्र सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. गोव्यात तर पाऊल आणखी जपून टाकावं लागतं. तिथल्या नागरी कायद्यात पतिपत्नींची मिळकत बहुधा सामाईक असते आणि अर्धा भाग ठरलेल्या वारसांसाठी राखीव असतो. ट्रस्टची वाट धरून त्या वारसांना डावलता येत नाही.

परदेशातल्या मुलांबद्दलही एक सूचना. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत स्थायिक असेल आणि त्यांना लाभार्थी केलं, तर भारतातला हा ट्रस्ट अमेरिकेच्या दृष्टीने परदेशी ट्रस्ट ठरतो. त्यातून पैसे घेतले की तिथल्या कर खात्याला स्वतंत्र फॉर्म भरून कळवावं लागतं, न कळवल्यास दंड मोठा असतो. पुण्याचा दस्त करण्याआधी तिकडच्या सल्लागाराला मसुदा दाखवावा.

ज्या घरात मुलं सज्ञान, सक्षम आहेत आणि एकमेकांशी बोलतात, तिथे नीट लिहिलेलं, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं मृत्युपत्र पुरतं; त्यासाठी लाखांचं मुद्रांक शुल्क भरण्याचं कारण नाही. ज्या घरात एखादा माणूस स्वतःचा व्यवहार कधीच पाहू शकणार नाही, त्या घराने मात्र ट्रस्ट पुढे ढकलू नये. मसुदा करून घ्या, उत्पन्न देणारी मिळकत आधी आत आणा, राहतं घर मृत्युपत्रावर ठेवा, आणि हे काम न्यासकर्त्याची स्मृती आणि सही दोन्ही शाबूत असतानाच उरका.